नानकटाई खपत होती, मग ताईंच्या हाती काय उरलं?
माल, दर, ठिकाण, प्रसिद्धी : एका नव्या बेकरीवरून शिकायचा धडा



गटाच्या मीटिंगला गेले की व्यवसाय करणाऱ्या ताईंकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, माल चांगला आहे हो, पण आमचं मार्केटिंग जमत नाही." मार्केटिंग म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेक जणी सांगतात, जाहिरात. बोर्ड लावणं, पत्रकं वाटणं, मोबाईलवर फोटो टाकणं. म्हणजे माल तयार झाल्यावर शेवटी करायचं एक काम.

प्रत्यक्षात जाहिरात हा मार्केटिंगचा चौथा हिस्सा आहे. उरलेले तीन हिस्से चुकले असतील तर जाहिरात कितीही करा, उपयोग होत नाही. उलट नुकसान वाढू शकतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण नीट समजलं ते एका बेकरीची वही उघडून बसल्यावर. त्या ताईंनी "आमचा हिशोब सांगा, फक्त गावाचं नाव घालू नका," असं सांगितलं, म्हणून गाव सांगत नाही.

बेकरी कशी सुरू झाली

तालुक्यापासून सहा किलोमीटरवरचं गाव. एका गटातल्या चार ताईंनी बेकरीचं प्रशिक्षण घेतलं, ग्रामसंघाकडून कर्ज काढलं आणि वस्तीतल्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला. गॅसवरचा दोन ट्रेचा ओव्हन आला. भाडं महिन्याला २,५०० रुपये, कर्जाचा हप्ता ३,००० रुपये. पाव, टोस्ट, खारी आणि नानकटाई असं सगळंच करायला सुरुवात केली.

तीन महिने झाले. रोज साधारण १० किलो नानकटाई खपत होती. भाडं वेळेवर, हप्ता वेळेवर, शिवाय महिनाअखेर गल्ल्यात ३,००० रुपये शिल्लक. बाहेरून बघणारा म्हणेल, छान चाललंय. पण चौघींपैकी दोघींनी यायचं बंद केलं होतं. त्यातली एक मला म्हणाली, "तीन हजार चौघींत वाटले तर साडेसातशे येतात. एवढे तर मी खुरपणीला अडीच-तीन दिवस गेले तरी मिळतात. इथं महिनाभर ओव्हनपुढे उभी राहते."

तिचं बरोबर होतं. माल खपत होता आणि बाया मात्र रिकाम्या हाताने घरी जात होत्या. कुठे चुकलं ते शोधायला आम्ही चार रकाने आखले.

चार रकाने कुठून आले

मार्केटिंगच्या अभ्यासात याला 'मार्केटिंग मिक्स' म्हणतात. अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये शिकवणारे नील बोर्डन यांनी हा शब्द रुळवला. त्यांना तो सुचला जेम्स कलिटन नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाच्या बोलण्यावरून. धंदा सांभाळणारा माणूस हा वेगवेगळे जिन्नस एकत्र करणाऱ्यासारखा असतो, असं कलिटन यांनी म्हटलं होतं. पुढे १९६० साली ई. जेरोम मॅकार्थी यांनी आपल्या पुस्तकात हे जिन्नस चार गटांत मांडले. चारही इंग्रजी शब्द 'पी' या अक्षराने सुरू होतात म्हणून त्यांना 'चार पी' म्हणतात : प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन. आपण म्हणू माल, दर, ठिकाण आणि प्रसिद्धी.

बेकरीवाल्या ताईंना हे जिन्नसाचं लगेच पटलं. नानकटाईत तूप जास्त झालं तर ती ट्रेमध्ये पसरते. मग मैदा वाढवावा लागतो, मैदा वाढला की साखर बघावी लागते. एक जिन्नस बदलला की बाकीचे तसेच ठेवून चालत नाही. धंद्याचे हे चार जिन्नसही तसेच आहेत. आता एकेक बघू.

१. माल : काय करायचं आणि काय करायचं नाही

पहिला प्रश्न पावाचा. ताई पहाटे चारला उठून पीठ मळायच्या, तरी पाव हातात यायला साडेसात वाजायचे. गावात तालुक्याहून पावाची गाडी येते सहाला. सकाळच्या चहासोबत ज्यांना पाव लागतो त्यांनी तो साडेसहालाच घेतलेला असायचा. त्यामुळे रोज ४० लाद्यांतल्या १२-१५ उरायच्या, आणि शिळा पाव दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. पाव वाईट नव्हता. पण गिऱ्हाईक नुसता पाव घेत नाही, तर 'साडेसहाला मिळणारा पाव' घेतं, आणि तो माल यांच्याकडे नव्हताच. वेळ हाही मालाचा भाग असतो.

नानकटाईचं गणित वेगळं. ती घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे चांगली राहते. आज उरली तर उद्या विकता येते. चार वाजताचा चहा, मुलांचा डबा, घरी आलेला पाहुणा, कुठेही चालते. म्हणून ताईंनी पाव थांबवला. खारीला पदर सुटायला हात बसावा लागतो आणि तूपही भरपूर लागतं, म्हणून तीही सध्या बाजूला ठेवली. टोस्ट पावापासूनच होतो, त्यामुळे पाव थांबला तसा टोस्टही थांबला. एकच माल, पण तो रोज सारखा, असं ठरलं.

'रोज सारखा' हे बोलायला सोपं आहे. आधी जिन्नस वाटीने मोजले जायचे. एक ताई वाटी शिगोशिग भरायची, दुसरी सपाट. सोमवारची नानकटाई खुसखुशीत, मंगळवारची कडक. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, फक्त पुढच्या वेळी येत नाही. आता सगळं काट्यावर वजन करून घेतात. १ किलो मैद्याला ६०० ग्रॅम पिठीसाखर आणि ६०० ग्रॅम वनस्पती तूप. प्रत्येक गोळा २२ ग्रॅमचा, तो भाजून साधारण २० ग्रॅमचा होतो. म्हणजे किलोत ५० नग.

दुसरी खोड होती घाईची. ट्रे बाहेर आला की गरम-गरमच पिशवीत भरायच्या. आत वाफ धरते, नानकटाई मऊ पडते, पावसाळ्यात बुरशीही येते. आता ती जाळीवर पूर्ण गार करतात, हाताला अजिबात कोमट लागत नाही अशी, आणि मगच भरतात.

२. दर : शेजाऱ्याकडे बघून नव्हे, वहीत बघून

खरी गोम इथे होती. नानकटाईचा दर १६० रुपये किलो होता. कसा ठरवला, म्हणून विचारलं. उत्तर आलं, "किराणा दुकानात सुटी बिस्किटं १८० ने मिळतात. आपण नवीन, म्हणून वीस रुपये कमी."

आम्ही एक किलो नानकटाईचा खर्च मांडला. दर आमच्या भागातले आहेत, तुमच्याकडे थोडे वेगळे असतील.

मैदा, साखर, तूप, वेलची वगैरे : ८५ रुपये
गॅस आणि वीज : १५ रुपये
खोका, पिशवी : १२ रुपये
तुटकी आणि करपलेली, म्हणजे खराबी : ८ रुपये
ताईंची मजुरी : ४० रुपये
एकूण : १६० रुपये

शेवटचा आकडा बघून सगळ्या गप्प झाल्या. विकायचा दर १६० आणि खर्चही १६०. एका किलोमागे भाडं-हप्त्यासाठी उरतात शून्य रुपये. मग १० किलो विका नाहीतर १०० किलो विका, शून्याचे शून्यच.

तुम्ही विचाराल, मग भाडं-हप्ता भरला जात होता तो कुठून? ताईंच्या मजुरीतून. मजुरी कुणी घेतच नव्हतं, म्हणून ती वहीत लिहिलीही नव्हती. रोजच्या १० किलोची मजुरी ४०० रुपये, महिन्याच्या २५ दिवसांचे १०,००० रुपये. त्यातून ५,५०० रुपये भाड्या-हप्त्यात गेले. आणखी १,५०० रुपये एका दुसऱ्या तोट्यात गेले, तो पुढे सांगते. उरले ३,०००. त्यालाच सगळ्या नफा समजत होत्या. खरं तर तो चौघींच्या मजुरीचा उरलेला तुकडा होता.

म्हणून दर ठरवताना दोन खर्च वेगळे लिहा. एक, किलोगणिक वाढणारा खर्च : साहित्य, इंधन, खोका, खराबी, मजुरी. दुसरा, माल विकला न विकला तरी द्यावाच लागणारा खर्च : भाडं आणि हप्ता. विक्रीच्या दरातून पहिला खर्च वजा केला की जे उरतं त्यातून दुसरा खर्च भागायला हवा.

आता नवा दर किती ठेवायचा? आधी तुलना चुकीच्या मालाशी झाली होती. किराण्यातली सुटी बिस्किटं मोठ्या यंत्रावर होतात, त्यांचा दर आपल्याला परवडणारच नाही. तालुक्याच्या बेकरीत काउंटरवर नानकटाई २४० रुपये किलो होती. आपली नानकटाई त्याच जातीची, शिवाय गावातच मिळणारी, गाडीभाडं वाचवणारी. म्हणून दर २४० ठेवला. आता किलोमागे ८० रुपये उरतात. महिन्याचे ५,५०० भागायला सुमारे ६९ किलो, म्हणजे रोज साधारण ३ किलो विकली की पुरे. हा आकडा ताईंनी भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे.

दर वाढवल्यावर गिऱ्हाईक तुटलं का? हो, तुटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. काउंटरवरची विक्री ७ किलोवरून ५ किलोवर आली. काही जणांनी चार शब्द सुनावलेही. ताईंनी दोन गोष्टी केल्या. पाव किलोचा ६० रुपयांचा खोका काढला, कारण गावात किलोने घेणारे थोडे, साठ रुपये काढणारे बरेच. आणि दर का वाढला ते सरळ सांगितलं, "आधी आमची मजुरी धरली नव्हती." बायकांना हे कारण पटलं, असं त्या सांगतात.

३. ठिकाण : माल गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत कसा जातो

ठिकाण म्हणजे फक्त गाळा नव्हे. माल ज्या वाटेने गिऱ्हाइकापर्यंत पोचतो ती सगळी वाट. या बेकरीला दोन वाटा होत्या, स्वतःचं काउंटर आणि गावातली तीन किराणा दुकानं.

दुकानदारांना ताई नानकटाई सुटी, १४० रुपये किलोने द्यायच्या. वर बघितलं तसा खर्च १६०. म्हणजे दुकानात गेलेल्या प्रत्येक किलोमागे २० रुपये खिशातून जात होते. रोज ३ किलो, महिन्याचे १,५०० रुपये. हाच तो मघाचा तोटा. दुकानदार म्हणायचा, "ताई, तुमचा माल चांगला उठतो, अजून दोन किलो वाढवा," आणि ताई खूश होऊन वाढवायच्या. विक्री वाढणं आणि तोटा वाढणं एकाच वेळी चालू होतं. माल चांगला खपूनही महिनाअखेर हात रिकामे राहत असतील, तर प्रत्येक वाटेचा हिशोब वेगळा मांडा.

दुकानदाराला त्याचा वाटा द्यावाच लागतो. तो जागा देतो, गिऱ्हाईक देतो. पण तो वाटा आधीच दरात बसवला पाहिजे. ताईंनी दुकानासाठी माल बदलला : दोन नानकटाईचं, ४० ग्रॅमचं, १० रुपयांचं पाकीट. दुकानदाराला ते ८ रुपयांना. किलोत २५ पाकिटं, म्हणजे ताईंना किलोमागे २०० रुपये. लहान पाकिटांमुळे पॅकिंगचा खर्च वाढतो, परत येणाऱ्या मालाची घटही धरावी लागते, त्यामुळे खर्च १७२ वर जातो. उरतात २८. काउंटरच्या ८० पुढे हे कमी आहेत, पण तोटा नाही. आणि शाळेच्या वाटेवरच्या दुकानात आपलं नाव पोरांच्या तोंडी बसतं.

इथे एक लक्षात घ्या. ठिकाण बदललं तसा माल बदलावा लागला आणि दरही. शिवाय दुकानात पाकीट ठेवायचं म्हणजे त्यावर लेबल हवं. मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, किंमत, करणाऱ्याचं नाव-पत्ता, शाकाहारी असल्याची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. ही नोंदणी खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या उद्योगालाही लागते, काउंटरवर विकलं तरी लागते. आणि घटकांत वनस्पती तूप असेल तर तेच लिहायचं. 'शुद्ध तुपातली' असं लिहून वनस्पती वापरणं ही फसवणूक आहे. साजूक तुपातली हवी असेल त्यांना ताई ऑर्डर घेऊन करून देतात, निम्मे पैसे आधी घेऊन.

दुकानदारांशी तीन गोष्टी बोलून ठरवल्या. पैसे दर सोमवारी, जुनी उधारी चुकल्याशिवाय नवा माल नाही. पंधरा दिवसांत न खपलेली पाकिटं ताई बदलून देणार. आणि बरणी काउंटरवर, नजरेच्या उंचीला. एका दुकानात ती वरच्या फळीवर, साबणाशेजारी ठेवली होती. तिथला माल खपत नव्हता, आणि नानकटाईला साबणाचा वास लागला होता तो वेगळाच.

४. प्रसिद्धी : जे आहे तेच सांगायचं

उद्घाटनाला ताईंनी मोठा फ्लेक्स केला होता, १,८०० रुपयांचा. छापणाऱ्याने इंटरनेटवरून घेतलेला क्रीम केकचा फोटो त्यावर टाकला. दिसायला झकास. पण केक ताई करतच नव्हत्या. महिनाभर लोक "वाढदिवसाचा केक आहे का?" विचारत आले आणि परत गेले. प्रसिद्धीने माणूस दारापर्यंत आणला, आणि मालाने त्याला माघारी पाठवलं. असा माणूस पुन्हा यायला वेळ लागतो.

त्यानंतर 'किलोमागे २० रुपये सूट' द्यावी असं एकीचं मत होतं. आम्ही आधी आकडा काढला. २४० ला विकलं तर किलोमागे ८० उरतात, १० किलोचे ८००. वीस रुपये सोडले तर ६० उरतात. तेच ८०० मिळवायला साडेतेरा किलोच्या आसपास विकावे लागतील. म्हणजे दर तीन गिऱ्हाइकांमागे एक नवं गिऱ्हाईक आलं तर आपण जिथे होतो तिथेच. वर काम वाढलं ते वेगळं. आणि सूट बंद केली की लोक म्हणतात, भाव वाढवला. सूटीचा विचार तिथेच सोडून दिला.

मग काय केलं? पहिलं, भाजायची वेळ बदलली. आधी दुपारी एकला भाजून ठेवायच्या. आता दोन ट्रे मुद्दाम साडेचारला लावतात. पाचला शाळा सुटते, तालुक्याची एसटी येते, तेव्हा गल्लीभर वास असतो. दुसरं, तुटक्या नानकटाईचे तुकडे ताटलीत ठेवून येणाऱ्याला चव देतात. तो माल खराबीत गेलाच होता, त्याचा निदान उपयोग झाला. तिसरं, जुन्या फ्लेक्सच्या जागी साधी पाटी : काय मिळतं, दर किती, ताजा माल किती वाजता, फोन नंबर. मोबाईलच्या स्टेटसवरही रोज त्याच दिवशीच्या ट्रेचा फोटो आणि दर, इंटरनेटवरचा फोटो नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात स्वस्त. पंधरा दिवस प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारलं, "कुणाकडून कळलं?" आणि वहीत रेघा ओढल्या. फ्लेक्सपुढे अगदी थोड्या रेघा, 'शेजारणीने सांगितलं' पुढे सगळ्यात जास्त. प्रसिद्धीचा कुठला पैसा कामी आला हे कळायचा हा साधा मार्ग आहे. एक वही आणि एक पेन पुरतं.

चारही एकत्र : दिवाळीची भट्टी

दिवाळी जवळ आली तेव्हा एका मावशींनी विचारलं, "माझं तूप, माझी साखर दिली तर भाजून द्याल का?" आपल्याकडे ही जुनी रीत आहे. दिवाळीत, मे महिन्यात बायका घरचं साहित्य घेऊन भट्टीवर जायच्या आणि डबे भरून बिस्किटं आणायच्या. ताई आधी कां-कूं करत होत्या, "मग आपली नानकटाई कोण घेणार?" पण आता त्यांना चार रकाने माहीत होते. त्यांनी ते भरून बघितले.

माल : नानकटाई नव्हे, भाजून देण्याची सेवा. दर : भाजल्यावर वजन करून किलोला ८० रुपये मजुरी. गॅस १५ आणि हाताची मजुरी ४० गेली की २५ उरतात. काउंटरपेक्षा कमी, पण साहित्यात एक रुपया अडकत नाही, माल उरत नाही, उधारी नाही. ठिकाण : बायका डबे घेऊन चालत येणार, त्यामुळे गल्लीतला गाळाच योग्य. मोठ्या रस्त्यावरचा गाळा इथे कामाचा नव्हता. प्रसिद्धी : वेगळी लागलीच नाही. गटाच्या मीटिंगांत एकदा सांगितलं आणि बाकीचं रांगेतल्या बायकांनी केलं.

अडचणी आल्याच. पहिल्या दिवशी दोघींचे ट्रे बदलले आणि "माझं साजूक तूप होतं, तिचं वनस्पती," यावरून चांगलंच वाजलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी, साहित्याचं वजन गिऱ्हाइकासमोर, आणि ज्याचं पीठ त्याने गोळे होईपर्यंत तिथेच बसायचं. दुसरी अडचण ओव्हनची. दोन ट्रे, एका ट्रेत साधारण किलो, भाजणं आणि काढ-घाल धरून अर्धा तास. म्हणजे तासाला ४ किलो, आठ तासांत ३२. पण ताईंनी पहिल्या दिवशी ५० किलोची नोंद घेतली होती! रात्री अकरापर्यंत भाजत बसल्या. मग रोज ३० किलो हीच हद्द ठरली आणि वेळेच्या चिठ्ठ्या दिल्या. ओव्हन जेवढं भाजतो तेवढंच कबूल करायचं, हा मालाच्या रकान्यातला नियम आहे.

आता स्थिती काय आहे

दिवाळी सोडून इतर महिन्यांत रोजची विक्री आता १० ऐवजी ८ किलो आहे, ५ काउंटरवर आणि ३ दुकानांत. म्हणजे कमी झाली आहे. पण चौघींच्या वाटची मजुरी महिन्याला ८,००० रुपये निघते. भाडं-हप्ता वजा जाऊन ६,६०० रुपये शिल्लक राहतात. आधी मजुरीसकट सगळं मिळून ३,००० उरत होते, हे आठवा.

यायचं बंद केलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी आली नाही. ती आता शिवणकाम करते, आणि तिच्या जागी गटातली दुसरी ताई घेतली आहे. ओव्हन जुना झाल्यावर नवा घ्यायला पैसे कसे बाजूला काढायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. दरात त्यासाठी किलोमागे काही रुपये धरावेत का, यावर त्यांची चर्चा चालू आहे.

पुढच्या मीटिंगसाठी काम

वहीच्या एका पानावर चार रकाने आखा आणि तुमच्या गटाचा एकच व्यवसाय निवडा. पापड असो, मसाला असो, शेळीपालन असो.

माल : गिऱ्हाईक तुमच्याकडून नेमकं काय घेतं? कोणत्या वेळी? दोन वेगळ्या दिवशीचा माल सारखाच असतो का?

दर : एका किलोचा किंवा एका नगाचा खर्च मांडा. मजुरी लिहायला विसरू नका. दर वजा खर्च किती उरतो? भाडं-हप्ता भागायला रोज किती विकावं लागेल?

ठिकाण : माल किती वाटांनी जातो? प्रत्येक वाटेवर किलोमागे किती उरतं ते वेगळं लिहा.

प्रसिद्धी : तुमच्या पाटीवर किंवा फोटोत जे दिसतं ते तुमच्याकडे खरंच मिळतं का? शेवटच्या दहा गिऱ्हाइकांना कुणाकडून कळलं?

पान भरून झालं की एक रकाना मनात बदलून बघा. समजा दर दहा रुपयांनी वाढवला, किंवा एक दुकान बंद केलं. बाकीच्या तीन रकान्यांत काय बदलावं लागेल ते शेजारी लिहा. भरलेलं पान मीटिंगला घेऊन या. मजुरीची ओळ कोरी असेल तर आपण तिथूनच सुरुवात करू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक